पहाटेची बॅच मोठ्यांना द्या, संध्याकाळची लेकरांना!

सोलापूरकरहो, पोस्ट लांब आहे. पण घरात तीन ते आठ वर्षांचं लेकरू असेल आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला पोहायला घालायचा विचार असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

माझी भाची साडेपाच वर्षांची आहे. एप्रिलमध्ये ताईने तिला शहरातल्या एका जलतरण तलावावर सकाळी सहाच्या बॅचला घातलं. तलावाचं नाव घेत नाही, कारण हे बहुतेक ठिकाणी असंच चालतं. पहिल्या दिवशी पोरगी उड्या मारत गेली. दुसऱ्या दिवशी गप्प झाली. तिसऱ्या दिवशी गाडीवरून उतरायलाच तयार नाही. कोच सर चांगला माणूस, मनापासून शिकवणारा. ते मला म्हणाले, "मामा, पोरगी जरा घाबरट आहे. आठवडाभर रडेल, मग होईल."

चौथ्या दिवशी मी कठड्याजवळ बसून नीट बघितलं. पोरगी पाण्याला घाबरत नव्हती. तिला थंडी वाजत होती. दोन्ही हात छातीशी घट्ट, खांदे कानापर्यंत वर, हनुवटी थरथरतीय, ओठ जांभळट. सर सांगतायत "हात सोड, आडवी हो", आणि ती मान हलवतीय. अशा वेळी मोठा माणूसही हात सोडणार नाही. कुडकुडणारं शरीर आपोआप आखडतं आणि आखडलेलं शरीर पाण्यावर आडवं होत नाही. तरंगायला शिकवण्याची पहिली अट म्हणजे अंग सैल सोडणं, आणि आपण ते सगळ्यात गार पाण्यात करायला सांगतोय.

ऑफिसात विचारलं, पाण्याचं तापमान किती आहे? उत्तर आलं, "साहेब, सोलापुरात कुणी पाण्याचं तापमान विचारतं का? बाहेर बेचाळीस आहे!"

माझं सगळं भांडण या एका वाक्याशी आहे. बेचाळीस दुपारी तीनला असतं, हवेचं असतं. पोरगी पाण्यात उतरते सकाळी सहाला.

दुसऱ्या दिवशी मी थर्मामीटर घेऊन गेलो. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बेबी पूलमध्ये २५ अंश. मोठ्या तलावात साडेसव्वीस. त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला परत गेलो. बेबी पूल ३१, मोठा तलाव साडेअठ्ठावीस. तोच तलाव, तोच दिवस, आणि लेकरांच्या पाण्यात सहा अंशांचा फरक. आपण त्यांना उतरवतोय नेमकं खालच्या आकड्यात.

आता २५ म्हणजे गार का, हा प्रश्न येणारच. हवा २५ अंश असली की आपण म्हणतो काय छान गारवा आहे. पण पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने खेचून नेतं. पाण्यात स्वस्थ बसलेल्या माणसाला ना थंडी ना ऊब असं वाटायचं असेल, तर पाणी ३३ ते ३५ अंशांच्या आसपास लागतं. त्याखाली प्रत्येक अंशाला शरीर उष्णता गमावत असतं. जो जोरात हातपाय मारतो तो ती भरून काढतो. जो थांबलाय तो गारठतो.

म्हणून स्पर्धेच्या तलावासाठी जागतिक जलतरण संघटनेचा नियम २५ ते २८ अंशांचा आहे. दोन-दोन तास लांबी मारणाऱ्या पोरापोरींना तेवढं गार पाणी लागतंच, नाहीतर अंग तापतं. हा आकडा त्यांच्यासाठी आहे. आपल्याकडे कुणी तापमानाची गोष्ट काढलीच, तर हाच आकडा तोंडावर फेकतात, "नियमात बसतंय की!" बसतंय, पण तो नियम पोहणाऱ्यांचा आहे. शिकणाऱ्या लहान लेकरांसाठी जगभर जी शिफारस करतात ती साधारण २९ ते ३१ अंशांची, आणि अगदी तान्ह्या, दोन-तीन वर्षांच्या मुलांसाठी ३२ पर्यंत.

लेकरांना जास्त का लागतं, त्याला दोन कारणं आहेत.

पहिलं अंगाचं गणित. १८ किलोच्या मुलाला वजनाच्या मानाने जी कातडी असते ती ७० किलोच्या माणसापेक्षा दर किलोमागे दीडपटीहून जास्त भरते. उष्णता कातडीतूनच जाते. म्हणजे तेच पाणी, तेवढाच वेळ, पण लेकरू आपल्यापेक्षा फार लवकर गार होतं. वर अंगावर चरबी कमी. बापाला पाण्यात उतरून "मस्त आहे की" वाटलं म्हणजे पोराला मस्त आहे असं होत नाही.

दुसरं कारण बॅचचं गणित, आणि हे कुणी बोलत नाही. बॅच ४५ मिनिटांची. बारा पोरं, एक कोच. सर प्रत्येकाला तीन-तीन मिनिटं पोटाखाली हात देऊन फिरवतात. बारा त्रिक छत्तीस. म्हणजे एका पोराच्या वाट्याला हालचाल तीन मिनिटं, आणि उरलेली बेचाळीस मिनिटं ते काय करतं? कठडा धरून कमरेएवढ्या पाण्यात उभं राहतं, नाहीतर ओल्या अंगाने काठावर बसतं. वर सकाळचा वारा. "हललं की गरम होतं" हे सरांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. पण आपली बॅच त्याला हलूच देत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. बेबी पूल इतका गार का होतो?

सोलापूरची उन्हाळी हवा कोरडी. घरातला माठ आठवा. माठाच्या अंगातून पाणी झिरपतं, वाऱ्यावर उडतं, आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. म्हणून माठातलं पाणी हवेपेक्षा गार. उघडा तलाव हा रात्रभर वाऱ्यावर ठेवलेला मोठा माठच आहे. हवा कोरडी आणि वारा सुटलेला असेल तितका तो जास्त गार होणार.

किती होतो याचा हिशेब करता येतो. एक मिलिमीटर पाणी उडालं, तर दीड मीटर खोल तलावाचं तापमान साधारण ०.४ अंशाने उतरतं. पण तेच एक मिलिमीटर ६० सेंटिमीटर खोल बेबी पूलमधून उडालं, तर जवळजवळ एक अंश उतरतं. कारण उडणारं पाणी पृष्ठभागावरून सारखंच उडतं, पण खाली उष्णतेचा साठा अडीचपट कमी. रात्रीतून तीन मिलिमीटर उडालं असं धरा. मोठा तलाव एक-सव्वा अंशाने उतरला, बेबी पूल जवळपास तीन अंशांनी. दुपारी उन्हात हेच उलटं होतं. उथळ पाणी भराभर तापतं. मे महिन्यात दुपारी तेच बेबी पूल ३३-३४ ला जाऊ शकतं.

म्हणजे जे पाणी आपण खास लेकरांसाठी केलंय, तेच सकाळी सगळ्यात गार आणि दुपारी सगळ्यात गरम. सूर्य उगवायच्या सुमाराला ते तळाला पोचलेलं असतं, आणि नेमकी तीच वेळ आपण लेकरांना दिली. का? कारण "लहान मुलांना ऊन नको." हेतू चांगला आहे. पण उन्हापासून वाचवण्याची एकच वेळ असते का? संध्याकाळी साडेपाचनंतर ऊन कललेलं असतं, पाणी दिवसभर तापलेलं असतं, आणि बाहेर आल्यावर हवाही गरम असते.

इथे हमखास एक कमेंट येणार, मला ठाऊक आहे. "आम्ही विहिरीत शिकलो, तेव्हा कुठे थर्मामीटर होता? आजकालची पोरंच नाजूक."

भाऊ, मी पण विहिरीतच शिकलोय. मंगळवेढ्याकडच्या मामाच्या मळ्यात, पाठीला पत्र्याचा बंद डबा बांधून. आणि विहिरीचं उदाहरण तुम्ही काढलंत ते बरंच झालं, कारण ते माझ्या बाजूचं आहे.

विहिरीत पाणी झिऱ्यातून येतं, जमिनीच्या पोटातून. तिथलं तापमान वर्षभर जवळपास एकच राहतं, त्या गावच्या वर्षभराच्या सरासरी हवेच्या आसपास. आपल्या भागात ते साधारण २६ ते २८ अंश. म्हणून विहिरीचं पाणी थंडीत कोमट लागतं आणि उन्हाळ्यात गार. पाणी तेच, हवा बदलते. शिवाय पाणी खाली, चारी बाजूंनी भिंत, वारा लागत नाही. रात्रीतून तीन अंश उतरणं त्या पाण्याला माहीतच नाही.

आणि आठवा, आपण विहिरीत कधी जायचो? मे महिन्यात, भर दुपारी. किती वर्षांचे होतो? आठ-दहा. उडी मारली, दोन हात मारले, वर आलो, तापलेल्या दगडावर पालथे पडलो, परत उडी. कुणी आपल्याला पहाटे सहाला कमरेएवढ्या पाण्यात बेचाळीस मिनिटं उभं केलं होतं का? मामा काठावरून बघायचा, आणि ओठ निळे दिसले की शिवी देऊन वर काढायचा. तोच आमचा थर्मामीटर होता. जुन्या माणसांनी मोजलं नाही हे खरं, पण वेळ बरोबर निवडली होती. आपण वेळ चुकवली आणि मोजतही नाही.

आता उपाय. महापालिकेनं हीटर बसवावा असं मी अजिबात म्हणत नाही. का नाही, तेही सांगतो. २५ मीटर बाय साडेबारा मीटरचा, सरासरी दीड मीटर खोल तलाव धरा. पाणी सुमारे पावणेपाच लाख लिटर. ते एक अंशाने तापवायला साडेपाचशे युनिटच्या आसपास ऊर्जा लागते. एका अंशाला! वर रात्री वारा ती परत घेऊन जाणार. ज्या शहराने वर्षानुवर्षे नळाच्या पाण्यासाठी चार-चार दिवस वाट बघितली, त्या शहरात हा खर्च मागायला मला लाज वाटेल.

माझ्या मागण्या तीनच आहेत.

पहिली: बॅचची अदलाबदल. पहाटेची वेळ स्पर्धेच्या पोरांना आणि नियमित पोहणाऱ्या मोठ्यांना द्या. साडेसव्वीस अंश त्यांना उत्तम. आठ वर्षांखालच्या शिकणाऱ्यांना संध्याकाळी साडेपाच ते सात. खर्च शून्य रुपये. वेळापत्रकाचा एक कागद बदलायचा.

याला अडचणी आहेत, त्या लपवत नाही. अनेक ठिकाणी संध्याकाळी महिलांची बॅच असते, आणि नोकरी करणाऱ्या ताईंना तीच वेळ जमते. ती वेळ काढून घेणं अन्याय होईल. पण लेकरांना मोठा तलाव नकोच आहे. बेबी पूल बहुतेक वेळा वेगळा असतो आणि दोन बॅच शेजारी शेजारी चालू शकतात. एक जीवरक्षक फक्त बेबी पूलसाठी वेगळा हवा, हे मात्र पक्कं. उलट आईची आणि लेकराची वेळ एक झाली तर कित्येक घरांची सोयच होईल.

दुसरी अडचण क्लोरीनची. दिवसभराचं ऊन पाण्यातला मोकळा क्लोरीन खाऊन टाकतं आणि गरम पाण्यात तो आणखी लवकर संपतो. म्हणून संध्याकाळचं पाणी तपासल्याशिवाय लेकरांना उतरवायचं नाही. पाचला किटने तपासा. मोकळा क्लोरीन १ ते ३ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ असेल तर बॅच सुरू. कमी असेल तर डोस द्या, पाणी फिरू द्या, परत तपासा, तोवर पोरं बाहेर. पाच मिनिटांचं काम आहे. सकाळी एकदा तपासून दिवसभर तेच वहीत उतरवणं बंद करा.

दुसरी मागणी: रात्री बेबी पूलवर झाकण. त्यासाठीचं बुडबुड्यांचं प्लास्टिक मिळतं. ते जमलं नाही तर ताडपत्री. उडणारं पाणी अडलं की रात्रीची बरीचशी घसरण थांबते, आणि पाणी वाचतं ते वेगळंच. मोठ्या तलावातून तीन मिलिमीटर उडालं म्हणजे एका रात्रीत नऊशे लिटरवर पाणी हवेत गेलं. पण एक गोष्ट ठळक लिहून ठेवा. झाकण अर्धं ठेवून कुणालाही पाण्यात उतरू द्यायचं नाही. झाकणाखाली गेलेलं लेकरू वरून दिसत नाही. आधी पूर्ण काढायचं, गुंडाळून बाजूला ठेवायचं, मग फाटक उघडायचं. रात्री फाटकाला कुलूप. एवढी शिस्त पाळता येत नसेल तर झाकण नकोच, त्यापेक्षा गार पाणी परवडलं.

तिसरी मागणी: फळ्यावर रोजचा आकडा. प्रवेशद्वाराशी क्लोरीन-पीएचचा फळा असतो किंवा असायला हवा. त्यावर आणखी एक ओळ: "बेबी पूल, पाण्याचं तापमान, वेळ." वेळ लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही, हे वर बघितलंच.

मोजायचं कसं, तेही सांगतो, म्हणजे "आम्हाला येत नाही" हे कारण राहणार नाही. दोरीला बांधायचा पाण्याचा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. पाऱ्याचा काचेचा आणू नका, फुटला तर पाण्यात पारा. घरातला ताप बघायचा थर्मामीटरही चालत नाही, त्याची पट्टी ३५ च्या आसपास सुरू होते. नवा आणला की बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी ग्लासात घालून त्यात धरा, शून्याच्या आसपास दाखवायला हवा. दोन अंश वर दाखवत असेल तर तेवढे वजा करत जा, नाहीतर बदलून आणा.

मग पोरं जिथे उभी राहतात तिथे, पृष्ठभागाखाली साधारण वीतभर-दीड वीत धरायचा. अगदी वरचं पाणी उन्हात फसवतं. दोन-तीन मिनिटं थांबायचं, आणि आकडा थर्मामीटर पाण्यात असतानाच वाचायचा. बाहेर काढला की वाऱ्याने लगेच खाली येतो. बॅचच्या आधी पंधरा मिनिटं, दोन ठिकाणी. झालं.

आकड्याचं करायचं काय? शिफारशीचा आकडा २९ ते ३१ आहे, तो वर सांगितला. त्याच्या अलीकडे-पलीकडे काय करायचं, हा मी स्वतः लावलेला हिशेब आहे. शहरातल्या कोच मंडळींनी आणि बालरोग डॉक्टरांनी तो दुरुस्त करावा, माझा हट्ट नाही.

पाणी २९ ते ३१ असेल तर अर्धा तास निर्धास्त, मूल उत्साहात असेल तर चाळीस मिनिटं. २७-२८ असेल तर पंधरा-वीस मिनिटंच, आणि कुणालाही उभं ठेवायचं नाही. सहा-सहाचे दोन गट करा, एक पाण्यात आणि एक कोरड्या टॉवेलमध्ये बाहेर. किंवा वाट बघणाऱ्यांना कठडा धरून पाय मारायला लावा. २६ च्या खाली सहा वर्षांखालच्यांची बॅच त्या दिवशी रद्द, पैसे कापायचे नाहीत. आणि ३३ च्या वर गेलं तर उलटा त्रास. अंग तापतं, मूल सुस्तावतं, क्लोरीन टिकत नाही. त्या दिवशी लेकरांना कोचच्या हातात मोठ्या तलावाच्या उथळ टोकाला न्या, आणि मधे मधे पाणी प्यायला द्या.

हा हिशेब एप्रिल-मेचा आहे. जूनच्या ढगाळ दिवसांत संध्याकाळीसुद्धा पाणी तापलेलं नसतं, आणि गड्ड्याच्या दिवसांत, संक्रांतीच्या आसपास, न तापवलेल्या उघड्या तलावात लहान मुलांचा वर्ग घेणं हा विचारच सोडून द्या. वर्षभर चालणारी बॅच म्हणून जाहिरात करायची आणि जानेवारीत चार वर्षांच्या पोराला उतरवायचं, हे शिकवणं नव्हे.

पालकांसाठी एक गोष्ट वेगळी. आकडा फळ्यावर येईल तेव्हा येईल, तोवर लेकराकडे बघा. हनुवटी थरथरली, ओठांचा रंग बदलला, हात छातीशी गेले, बोटं पांढरी पडली, किंवा बडबडं पोर अचानक गप्प झालं, की बॅच संपली. घड्याळ काहीही म्हणो. आधी अंग पुसा, मग ओले कपडे काढून कोरडे घाला, डोकं झाका, काहीतरी कोमट प्यायला द्या. पाच-दहा मिनिटांत पोर परत बडबडायला लागलं पाहिजे. कुडकुडणं चालू आहे म्हणजे शरीर अजून लढतंय. कुडकुडणं थांबलं पण मूल पेंगतंय, बोलणं अडखळतंय, तर ते बरं झालेलं नाही, ते बिघडतंय. तिथून थेट डॉक्टरकडे. आणि अख्ख्या देशाला टॉवेल पुरवणाऱ्या गावात आपलं पोर ओल्या चड्डीवर गाडीच्या पुढे बसून वाऱ्यात घरी जातं, ही आपलीच चूक आहे, महापालिकेची नाही.

एवढं सगळं का लिहिलं?

कारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडणाऱ्या पोराला आपण "घाबरट" म्हणतो. ते घरी जाऊन तेच सांगतं. आई म्हणते जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी ते स्वतःच नको म्हणतं. मग आठवी-नववीत मित्रांबरोबर कॅनॉलवर जातं, नाहीतर पाणी साठलेल्या खाणीवर. तिथे कुणी घाबरट म्हणू नये म्हणून उतरतं, आणि त्याला पोहता येत नसतं. उन्हाळ्यात पेपरात येणाऱ्या त्या बातम्या आपण सगळेच वाचतो. लहानपणी तलाव सोडलेलं प्रत्येक पोर थंडीमुळेच सोडतं असं मी म्हणत नाही. पण जे थंडीमुळे सोडतंय ते एक कागद बदलून थांबवता येतं, आणि आपण तो कागद बदलत नाही, याचा मला राग आहे.

भाचीचं सांगतो. ताईने सकाळची बॅच सोडली. कोच सरांना मी दोन्ही आकडे दाखवले. माणूस सरळ, म्हणाले, "मामा, हे मी कधी मोजलंच नव्हतं. आणा संध्याकाळी." पहिल्या संध्याकाळी पोरगी कठड्याला चिकटूनच होती, सवयीने. दुसऱ्या दिवशी हात सोडले. सहाव्या दिवशी सरांच्या तळव्यावर पाठीवर आडवी झाली, डोळे मिटून. पोहायला येत नाही अजून, खोटं कशाला सांगू. पण "मामा, उद्या पण?" असं विचारते.

ज्यांची पोरं सध्या कुठल्याही तलावावर सकाळच्या बॅचला आहेत त्यांनी उद्या थर्मामीटर न्या. बॅचच्या आधी मोजा, आणि कमेंटमध्ये फक्त तीन गोष्टी लिहा: वेळ, बेबी पूल की मोठा तलाव, आणि आकडा. तलावाचं नाव नको, कुणाची बदनामी करायची नाही. पन्नास आकडे जमले की ते कागदावर काढून आपण चार-पाच जण महापालिकेच्या क्रीडा विभागात जाऊ. तोंडी तक्रारीला "बाहेर बेचाळीस आहे" हे उत्तर मिळतं. वेळ घालून लिहिलेल्या पन्नास आकड्यांना ते उत्तर चालणार नाही.